फोटोखालची सही

९ डिसेंबर, दुपारी ४ वाजून ४० मिनिटे. माझ्या प्रयोगवहीच्या शेवटच्या पानावर ही नोंद आहे आणि तिच्यापुढे एकच वाक्य: 'सही माझी नाही.'

मी जळगावच्या वसतिगृहातल्या खोलीत बसले होते. रसायनशास्त्राचे एम.एस्सी. पूर्ण झाले होते आणि संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवून देणाऱ्या परीक्षेला पाच दिवस उरले होते. प्रवेशपत्र त्याच दुपारी संकेतस्थळावर आले होते. मी ते उतरवून घेतले आणि सवयीप्रमाणे वरून खाली तपासू लागले. नाव बरोबर, वडिलांचे नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, विषय बरोबर, केंद्र धुळे, सकाळचे सत्र. फोटो माझाच. फोटोखालच्या चौकटीत सही होती आणि ती मराठीत होती. गोल, शाळकरी, प्रत्येक अक्षर सुटे. मी गेली सात वर्षे इंग्रजीत तिरकी सही करते. ती सही माझ्या खोलीतल्या मैत्रिणीची होती आणि तिचे नाव त्या चौकटीत कोणालाही वाचता आले असते.

ती माझ्याहून एक वर्षाने लहान. वनस्पतिशास्त्राची. शिंदखेडा तालुक्यातल्या गावाहून आलेली, मला ताई म्हणणारी. अभ्यासाच्या सुट्टीसाठी आठवड्यापूर्वीच घरी गेली होती. तीही तीच परीक्षा देणार होती, तिच्या विषयाची, त्याच दिवशी, त्याच केंद्रावर, दुपारच्या सत्रात. तिचा अर्ज मीच भरला होता.

तिच्या खात्याचा पासवर्डही मीच तयार करून दिला होता. मी तो टाकला आणि तिचे प्रवेशपत्र उघडले. तिच्या फोटोखाली माझी तिरकी इंग्रजी सही होती.

चूक कशी झाली हे समजायला मला दोन मिनिटे लागली. ती दोन मिनिटे मला अजून आठवतात, कारण चूक माझ्या अभिमानाच्या जागी झाली होती. ऑक्टोबरमध्ये अर्ज भरताना मी सगळे काम प्रयोगशाळेतल्यासारखे आखले होते. प्रयोगशाळेत नमुन्यांना आपण नाव देत नाही, क्रमांक देतो, म्हणजे मोजणाऱ्याचे मन आधीपासून एका बाजूला झुकत नाही. मी तीच शिस्त इथे आणली. पांढऱ्या कागदावर दोन चौकटी आखल्या, काळ्या शाईचे पेन ठेवले, सह्यांचा फोटो काढून त्या कापल्या आणि फाइलींना नुसते क्रमांक दिले: सही १, सही २. फोटोंनाही तसेच. फोटोंमध्ये एक म्हणजे मी. सहीच्या वेळी मात्र पेन तिच्या हातात होते, म्हणून पहिल्या चौकटीत तिने सही केली. मी तिला हसून म्हटले होते की नावे देत बसलो की गोंधळ होतो, क्रमांक कधी गोंधळ करत नाहीत.

अर्ज पाठवल्यावर तपासणीची माझी यादी सतरा कलमांची होती. त्यात 'सही चढवली' असे कलम होते. 'सही कोणाची' असे नव्हते. पुढे दुरुस्तीसाठी संकेतस्थळ पाच दिवस खुले झाले, तेव्हाही मी आत गेले, टक्केवारीचे दशांश तपासले, जातीच्या दाखल्याचा क्रमांक तपासला आणि बाहेर आले. अर्जाच्या पुष्टीपत्राची छापील प्रत माझ्या फाइलीत होती. त्यावरही हीच चुकीची सही होती, दोन महिने. म्हणजे दोष संकेतस्थळाचा नव्हता. तो पूर्णपणे माझा होता.

मदतवाहिनी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. माझ्याकडे वीस मिनिटे होती. मी अकरा वेळा फोन केला. नऊ वेळा क्रमांक व्यस्त, दोन वेळा संगीत वाजून तुटला. पाच वाजता एक ध्वनिमुद्रित बाई म्हणाली की कार्यालयाची वेळ संपली आहे.

मग भीती आली. मी तिचे विश्लेषण करू लागले आणि ती वाढत गेली. एकाच खोलीतल्या दोन मुली. एकच केंद्र, एकच दिवस, दोन सत्रे. एकीच्या चेहऱ्याखाली दुसरीची सही आणि दुसरीच्या चेहऱ्याखाली पहिलीची. याला चूक कोण म्हणेल? दुसऱ्याच्या नावाने परीक्षा देणाऱ्या तोतया उमेदवारांच्या बातम्या आम्ही नेहमी वाचत होतो. त्यांना कित्येक वर्षे परीक्षेला बसू देत नाहीत, गुन्हाही नोंदवतात. बाहेरच्या माणसाने ही दोन प्रवेशपत्रे शेजारी ठेवली तर त्याला त्यात निष्काळजीपणा दिसणार नाही, योजना दिसेल. मी परीक्षक असते तर मलाही योजनाच दिसली असती.

आणि तिचे काय? तिच्या मार्गदर्शक बाईंनी तिला सांगितले होते की शिष्यवृत्ती मिळाली तर प्रयोगशाळेतली एकमेव मोकळी जागा तिची. ती जागा मार्चपर्यंत थांबणार होती, पुढच्या परीक्षेपर्यंत नाही.

कॉलेजच्या रस्त्यावर एक झेरॉक्सवाला आहे. त्या संध्याकाळी प्रवेशपत्रांच्या रंगीत प्रती काढायला मी तिथे गेले, तेव्हा त्याने कागद हातात घेऊन वर-खाली पाहिला. बहुधा माझा चेहराही पाहिला असावा. त्याने स्वतःहूनच विचारले आणि मी मूर्खासारखे सांगितले.

"एवढंच ना ताई," तो म्हणाला. "पाच मिनिटांचं काम. ही सही इकडे, ती तिकडे. आपण लग्नाच्या बायोडाट्यात माणसाचा रंगसुद्धा उजळवून देतो, सही काय चीज आहे."

दुकानातले दोघे हसले. मी लगेच नाही म्हटले असे लिहिले तर ते खरे होणार नाही. मी सात-आठ सेकंद त्याच्या माउसकडे पाहत उभी होते. मग प्रवेशपत्राच्या कोपऱ्यातला चौकोनी कोड मला दिसला. तो केंद्रावर यंत्राने वाचतात आणि मूळ नोंद पडद्यावर येते. कागदावर एक सही आणि पडद्यावर दुसरी. आतापर्यंत जी चूक होती, ती त्या क्षणी बनावटगिरी झाली असती. मी प्रती घेतल्या, पैसे दिले आणि निघाले. मागून तो म्हणाला, "विचार बदलला तर नऊपर्यंत आहे मी."

१० डिसेंबरला सकाळी दहा वाजता मी पुन्हा सुरुवात केली आणि सातव्या प्रयत्नाला एका बाईंनी फोन उचलला. त्यांचा आवाज थकलेला पण स्वच्छ होता. मी सगळे क्रमाने सांगितले. त्यांनी मला मध्येच थांबवून विचारले की मी माझ्याबद्दल बोलते आहे की दोघींबद्दल. मी म्हटले, दोघींबद्दल. त्या म्हणाल्या की दुसऱ्या उमेदवाराबद्दल त्या मला काही सांगू शकत नाहीत आणि माझ्याकडून काही स्वीकारूही शकत नाहीत. प्रत्येकीने आपल्या नोंदलेल्या ईमेलवरून स्वतः लिहायचे. सोबत अर्जाचा क्रमांक, प्रवेशपत्र, पुष्टीपत्र, फोटो असलेल्या मूळ ओळखपत्राची प्रत, पांढऱ्या कागदावर नव्याने केलेली सही आणि काय चुकले याचे सही केलेले निवेदन. पडताळणी झाली तर सुधारित प्रवेशपत्र खात्यात दिसेल.

"आणि नाही झाली तर?" मी विचारले.

"तर आहे तेच प्रवेशपत्र घेऊन जायचं. कागदावर हाताने काहीही खोडायचं नाही, लिहायचं नाही. मूळ ओळखपत्र न्यायचं. मूळ म्हणजे मूळ. मोबाइलमधला फोटो चालणार नाही, झेरॉक्स चालणार नाही."

माझा ईमेल मी पावणेबाराला पाठवला. तिचा ईमेलही मला पाठवता आला असता. तिच्या ईमेलचा पासवर्डही माझ्याकडे होता. पण सही लागणार होती, तिची, आणि तिची सही मागताना मला सांगावेच लागले असते. फोनवर सांगण्याचे धैर्य मी दोनदा गोळा केले. दोन्ही वेळा तिचा फोन लागला नाही. तिच्या गावात तो गच्चीवर गेल्याशिवाय लागतच नाही. मी स्टेशनवर जाऊन सुरतेकडे जाणारी गाडी पकडली.

अमळनेर आले तेव्हा गाडी अर्धी रिकामी झाली. बाहेर कापसाची शेवटची वेचणी चालली होती. मी खिडकीशी बसून वाक्ये तयार करत होते. 'आपल्याकडून एक तांत्रिक त्रुटी राहिली आहे.' 'आपल्याकडून' खोडले. 'तांत्रिक' खोडले. शिंदखेड्याला उतरून काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसेपर्यंत माझ्याकडे एकही वाक्य उरले नव्हते.

तिच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. घर गिरणीच्या मागे, दोन्हींमध्ये एक दार. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणते. मला पाहून त्यांनी गिरणी बंद केली. भुवयांवर पीठ होते.

"काय व्हयनं?" ते म्हणाले. "बठ्ठं ठीक शे ना?"

सगळे ठीक आहे असे मला म्हणता येईना. म्हटले, आबा, हिच्याशी थोडे काम आहे. ती आतून आली, हातात पुस्तक, बोट पानात अडकवलेले. मला अचानक पाहून तिला आनंद झाला होता आणि तो आनंद मला सहन होईना. मी दोन्ही प्रवेशपत्रे चटईवर शेजारी शेजारी ठेवली.

तिने दोन्ही एकेक करून वाचली. मग तिने माझ्या प्रवेशपत्रावरच्या स्वतःच्या सहीवर बोट ठेवले.

"ही माझी सही."

"हो."

"तुझ्या फोटोखाली."

"क्रमांक मी दिले होते. चूक माझी आहे, पूर्ण माझी."

ती ओरडली असती तर मला सोपे गेले असते. ती म्हणाली, "ताई, पुष्टीपत्राची प्रत तू मला दिली होतीस. दोन महिने माझ्या फाइलीत आहे. मी एकदाही उघडून पाहिली नाही. अर्ज तू भरला होतास म्हणून."

आबांना आम्ही दोघींनी मिळून समजावले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि एकच प्रश्न विचारला: "पोरीले बसू देतीन का नही?" मी म्हटले की ते आपल्या हातातल्या कागदांवर अवलंबून आहे. तिचे मूळ आधारकार्ड हवे.

तिने पर्समधून आधारकार्ड काढले. रंगीत, प्लॅस्टिकमध्ये बंद, अगदी खरे वाटणारे. मी ते खिडकीशी नेऊन उजेडात धरले. ती रंगीत झेरॉक्स होती, फोटो काळपट उमटलेला. मागे-पुढे प्रत काढून लॅमिनेट केलेली.

"मूळ कुठे आहे?"

तिने आबांकडे पाहिले. आबांच्या घराचा एक नियम होता आणि मला नंतर कळले की तो त्या गावात बऱ्याच घरांचा आहे: मूळ कागद घराबाहेर जात नाही. मुले शिकायला जातात, प्रती घेऊन जातात. मूळ कागद घरात राहतात, वडिलांच्या ताब्यात. तिने वसतिगृहाचा प्रवेश, ग्रंथालय, बँक, सगळे या प्रतीवर भागवले होते. कोणी हरकत घेतली नव्हती. तिला स्वतःलाही ती प्रत आहे याचा विसर पडला होता.

"मूळ कागद घरमाच ऱ्हावाले पाहिजे," आबा म्हणाले. "हारपना तर कोन दी?"

हरवण्याच्या त्या भीतीपुढे मी मदतवाहिनीच्या बाईंचे वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले. मूळ म्हणजे मूळ. आबा उठले, लोखंडी पेटी उघडली आणि कापडात गुंडाळलेला गठ्ठा आणला. त्यातून त्यांनी आधारकार्ड काढून माझ्या हातावर ठेवले, देवाचा प्रसाद ठेवावा तसे.

प्रतीत काळपट दिसणारा फोटो इथे स्पष्ट होता: नऊ वर्षांची मुलगी. दोन वेण्या, लाल रिबिनी, समोरचा एक दात नाही. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि फोटो नव्याने द्यायचे असतात हे कोणी त्या घरात सांगितले नव्हते. आता तेवीस वर्षांची मुलगी या फोटोसह, दुसरीची सही असलेले प्रवेशपत्र घेऊन दारावर उभी राहणार. नवा फोटो देऊन नवे कार्ड हातात यायला चार दिवस पुरणार नाहीत. मी ते कार्ड चटईवर प्रवेशपत्रांशेजारी ठेवले.

"आबा, फोटोवालं दुसरं काही? मतदार ओळखपत्र? लायसन?"

मतदार ओळखपत्र काढलेच नव्हते. लायसन नव्हते. आबांनी गठ्ठ्यातले एकेक कागद चटईवर मांडले: जन्माचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाचे पिवळे कार्ड. यातले एकही चालणारे नव्हते. शेवटी बँकेच्या जुन्या पाकिटातून निळसर प्लॅस्टिकचे एक कार्ड घसरून पडले.

"हाई पॅनकार्ड शे," आबा म्हणाले. "कॉलेजनी स्कॉलरशिपना खातासाठे काढेल व्हतं. हाई कामनं नही ना?"

मी ते उचलले. अठराव्या वर्षीचा फोटो, आजच्यासारखाच चेहरा. नाव प्रवेशपत्रावर जसे तसेच, जन्मतारीख तीच. आणि फोटोजवळ सही: गोल, शाळकरी, मराठी. सूचनांच्या तिसऱ्या पानावर चालणाऱ्या ओळखपत्रांची यादी होती. पॅनकार्ड त्यात होते. ती यादी मी शंभरदा वाचली होती, पण आधार आहे म्हटल्यावर बाकीच्या नावांना माझ्या लेखी अर्थ नव्हता. या एका कार्डावर तिचा खरा चेहरा आणि तिची खरी सही एकत्र होती.

गच्चीवर जाऊन तिने स्वतः ईमेल पाठवला. निवेदन तिने स्वतः लिहिले. त्यात तिने लिहिले होते, 'अर्ज भरताना आमच्याकडून सह्यांची अदलाबदल झाली.' मी म्हटले, 'आमच्याकडून' नको, माझे नाव लिही. ती म्हणाली, "अर्ज माझा आहे ताई. तपासायचं काम माझं होतं." ईमेल गेला तेव्हा ५ वाजून २० मिनिटे झाली होती.

१२ डिसेंबरला सकाळी ११ वाजून २५ मिनिटांनी माझ्या खात्यात सुधारित प्रवेशपत्र दिसले. फोटोखाली माझी सही. मी ते तीन वेळा छापले. तिच्या खात्यात काही नव्हते. त्या दिवशी मी ते खाते एकोणीस वेळा उघडले. १३ तारखेला मदतवाहिनीवर तिने स्वतः फोन केला. तिला सांगण्यात आले की पडताळणी चालू आहे, न झाल्यास आहे ते प्रवेशपत्र, ईमेलची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र घेऊन जावे, केंद्रावर पडताळून निर्णय होईल. निर्णय होईल. तिने मला ते सांगितले आणि विचारले, "म्हणजे चांगलं की वाईट?" मी म्हटले, चांगलं. मला माहीत नव्हते.

त्या संध्याकाळी मी धुळ्याला मावशीकडे पोहोचले. मावशीने दोनदा विचारले की मी जेवत का नाही. मी तिला खोटे सांगितले की परीक्षेआधी मी कमी जेवते. खरे म्हणजे मी एका गोष्टीचा विचार करत होते आणि तो विचार मला पुढे नेत नव्हता. माझे प्रवेशपत्र दुरुस्त झाले होते, तिचे नाही. तपासणाऱ्याच्या दृष्टीने मी आता निर्दोष होते आणि ती एकटी संशयित. माझ्या चुकीतून मी बाहेर आले होते आणि ती आत राहिली होती.

मग मला सुचले ते प्रयोगशाळेतलेच होते: एका नमुन्याने काही सिद्ध होत नाही, शेजारी तुलनेसाठी दुसरा लागतो. तिच्या प्रवेशपत्रावरची अदलाबदल ही निव्वळ चूक आहे हे माझ्या जुन्या आणि नव्या प्रवेशपत्रांच्या जोडीतून दिसत होते. जुन्यावर तिची सही, नव्यावर माझी. परीक्षा संपल्यावर प्रवेशपत्र केंद्रावरच पेटीत टाकावे लागते, म्हणून मी दोन्हींच्या प्रती आधीच काढून ठेवल्या, दोन्हींवर अर्ज क्रमांक अधोरेखित केला आणि एका कागदावर माझे निवेदन लिहिले. त्यात 'माझ्याकडून' लिहिले.

१४ डिसेंबर. सकाळच्या सत्राला मी साडेसातला केंद्रावर होते. दारावर कोड वाचला, माझे आधारकार्ड पाहिले, बोटाचा ठसा घेतला, फोटो काढला. आत हजेरीपत्रकावर सही करताना माझी बोटे इतकी गार होती की तिरकी रेघ अर्ध्यात वळली. पर्यवेक्षकाने प्रवेशपत्रावरची सही पाहिली, हजेरीपत्रकावरची पाहिली, पुन्हा पाहिली आणि पुढच्या बाकाकडे गेला. परीक्षेबद्दल मला फारसे आठवत नाही. तीन तास मी रेणूंचे प्रश्न सोडवले आणि मनात सतत तिचे दुपारचे सत्र चालू होते.

बारा वीसला मी बाहेर आले. आबा आणि ती फाटकासमोरच्या लिंबाखाली बसले होते. आबांनी पांढरा शर्ट घातला होता आणि उजवा हात खिशावर दाबून धरला होता. पॅनकार्ड आणि आधारकार्ड दोन्ही त्या खिशात होती. बसमध्ये त्यांनी तिला हात लावू दिला नव्हता. मी शेवटचे एकदा तिचे खाते उघडले. तेच जुने प्रवेशपत्र.

दारे एक वाजता उघडली. दोनला बंद होणार होती. ती रांगेत उभी राहिली तेव्हा आबांनी खिशातून कार्डे काढून तिच्या हातात दिली आणि मग लगेच परत मागितली, एकदा पाहिली आणि पुन्हा दिली.

तपासणाऱ्या माणसाने तिचा कोड वाचला. मी फाटकाच्या जाळीशी होते. तीन-चार हातांचे अंतर. त्याने प्रवेशपत्र डोळ्यांजवळ नेले.

"ही सही कोणाची?"

तिने काहीतरी सांगितले. तो अजून वाचत होता. माझे इंग्रजी नाव तो अक्षर अक्षर लावत होता.

"ही मुलगी कोण?"

तिने मागे वळून माझ्याकडे बोट दाखवले. त्या क्षणी रांगेतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तुम्ही इथे कशाला उभ्या आहात?" तो मला म्हणाला. "तुमची परीक्षा आहे?"

"सकाळी झाली."

"याच केंद्रावर?"

"हो."

त्याने वॉकीटॉकी तोंडाजवळ नेला. तिला रांगेतून बाजूला काढून भिंतीशी उभे केले. १ वाजून १९ मिनिटे. आबांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते जाळीला धरून उभे होते आणि जाळी थोडी थोडी हलत होती.

१ वाजून ३१ मिनिटांनी केंद्रप्रमुख आल्या. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यातल्या साखळीला. त्यांनी आधी आधारकार्ड पाहिले, वेण्यांची मुलगी पाहिली आणि ओठ आवळले. मैत्रिणीने पॅनकार्ड पुढे केले. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग त्यांनी एक कोरा कागद मागवला आणि तिला सही करायला सांगितली. एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा भिंतीवर कागद धरून. त्यांनी तिन्ही पॅनकार्डाशेजारी धरल्या.

मी जाळीतून माझे कागद पुढे केले. कोणी मागितले नव्हते. म्हटले, "मॅडम, माझी सुधारित आणि जुनी प्रत. हिच्या प्रवेशपत्रावर माझी सही आहे आणि माझ्या जुन्यावर हिची. माझी दुरुस्ती मंजूर झाली आहे."

त्यांनी कागद घेतले, वाचले आणि तोच कोरा कागद जाळीतून माझ्याकडे दिला. "करा."

मी सही केली. तिरकी, इंग्रजी. ती तिच्या प्रवेशपत्रावरच्या सहीशी तंतोतंत जुळली. माझी सही तिच्या कागदाशी जुळल्याचा मला आयुष्यात कधी इतका आधार वाटेल असे वाटले नव्हते.

"अर्ज कोणी भरला?" बाईंनी विचारले.

"मी."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्या तिच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही वाचला नाहीत?"

ती म्हणाली, "नाही मॅडम. आता वाचला."

बाईंनी हातातल्या क्लिपबोर्डवर काहीतरी लिहिले. त्या म्हणाल्या की तिच्याकडून लेखी निवेदन घेतले जाईल, दोन्ही हातांचे ठसे आणि फोटो घेतले जातील, सगळे वर पाठवले जाईल आणि निकालाआधी तिथे पडताळणी होईल. आज मी बसवू शकते, त्या म्हणाल्या. पुढचे माझ्या हातात नाही. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिले, त्या नजरेत राग नव्हता आणि दयाही नव्हती. मग त्यांनी माझे कागद तिच्या प्रवेशपत्रामागे पिनने जोडले.

ती आत जाताना मागे वळली नाही. तिच्या हातात फक्त पॅनकार्ड होते, आधारकार्ड तिने जाळीतून आबांना परत दिले होते. आबांनी ते खिशात ठेवले आणि त्यावर हात दाबला. मी वही उघडली. पडताळणीचे काय होईल, याबद्दल लिहिण्यासारखे काही माझ्याकडे नव्हते. आतल्या दाराशी तिने निवेदनाखाली सही केली, एवढे मला दिसले. ती गोल असणार. वेळ लिहिली: १ वाजून ५२ मिनिटे.